अठराशे रुपयांचा फरक

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या इंदूरमध्ये सध्या कितीतरी मुले-मुली इंटर्नशिपच्या पहिल्या महिन्यात आहेत. रात्री जेवताना त्यांच्यापैकी कोणी "आई, माझी निवड चुकून झाली असावी" असे म्हणाले असेल, तर आजचे बोलणे त्यांच्यासाठी आहे. या भावनेचे वर्णन पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली केले. उत्तम यश मिळवलेल्या स्त्रियांनाही आपण सगळ्यांना फसवत आहोत आणि एक दिवस उघडे पडू असे वाटत राहते, हे त्यांना दिसले होते. पुढे पुरुषांमध्येही तेच आढळले.

आता माझी गोष्ट सांगते. मी राजवाड्याजवळच्या एका सीएंच्या कार्यालयात आर्टिकलशिपला लागले, तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात सियागंजातल्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याची बँक जुळणी माझ्याकडे आली. रोकडवहीतली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक यांच्यात १,८०० रुपयांचा फरक येत होता. न वटलेले चेक पाहिले, बँकेने कापलेले शुल्क पाहिले, जमा केलेले व्याज पाहिले, तरी फरक तसाच. दोन दिवस मी तीच पाने चार-चार वेळा बेरजेला घेतली, आणि कोणी टेबलाजवळून गेले की वहीवर हात ठेवत असे. विचारले, तर हिला इतकेही येत नाही हे सर्वांना कळेल, अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यालयातल्या ज्येष्ठ गृहस्थांनी, ज्यांना आम्ही मुनीमकाका म्हणत असू, समोर खुर्ची ओढली आणि विचारले, "पोरी, काय काय पाहून झालं?" मी सगळे सांगितले. "म्हणजे अर्धं काम झालंय की," असे म्हणून त्यांनी पाठकोऱ्या कागदावर १,८०० ला नऊने भागले. उत्तर आले २००. "नऊने भाग गेला, तर दोन संशयित," ते म्हणाले. "एक तर कोणी २०० चे २,००० लिहिलेत, शून्य जास्त पडलंय. नाहीतर हजार आणि शतक यांचे आकडे उलटे लिहिलेत, आणि त्या दोन आकड्यांत दोनचा फरक आहे." अतिरिक्त शून्य कुठेच नव्हते. मग आम्ही उलटे आकडे शोधू लागलो आणि तिसऱ्या पानावर चेक सापडला: पासबुकात ८,६४०, रोकडवहीत ६,८४०. आठ आणि सहा यांची अदलाबदल. मला लागलेले दोन दिवस, त्यांना लागलेली दहा मिनिटे. (नऊचा पाढा तोंडपाठ असावा, हे माझे जुने मत आहे आणि कॅल्क्युलेटरवाल्यांना ते पटत नाही, हेही मला ठाऊक आहे.)

पुन्हा सांगते: नऊने भाग गेला म्हणजे आकडे उलटे पडल्याचा किंवा शून्य सरकल्याचा संशय घ्यायचा, खात्री मात्र मूळ नोंद सापडल्यावरच. भाग गेला नाही, तर चूक दुसरीकडे असते.

मला त्या दिवशी काकांची बुद्धी अफाट वाटली. प्रत्यक्षात तो त्यांच्या अनेक वर्षांच्या चुकांशी झालेला परिचय होता. आपल्या वहीतली खाडाखोड आपल्याला दिसते, ज्येष्ठांची मात्र फक्त पक्की प्रत दिसते, आणि पहिल्या महिन्यात आपण या दोहोंची तुलना करत बसतो.

खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या महिन्यात ६३० चा फरक आला. नऊने भागले, ७० आले, म्हणजे शतक आणि दशक यांच्यात सातचा फरक. १,९२० चे १,२९० झालेले मी एकटीने शोधले, आणि लगेच मनात म्हटले, "त्यात काय, युक्ती तर काकांची." क्लान्स यांनी वर्णिलेले चक्र हेच आहे: आधी भीती, मग जिवापाड तयारी किंवा टाळाटाळ, काम पार पडल्यावर क्षणभर हायसे वाटणे आणि श्रेय नशिबाला किंवा दुसऱ्याला देऊन टाकणे. त्यामुळे यश पदरी पडले तरी मनात नोंदले जात नाही, आणि पुढच्या कामाला भीती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

म्हणून मी वहीचे शेवटचे पान दुभागले. डावीकडे काय अडले आणि कोणाला विचारले, उजवीकडे नंतर ते मी स्वतः केव्हा केले. विचारण्याची मुदत अर्ध्या तासाची, आणि विचारताना काकांच्याच प्रश्नाचे उत्तर आधी द्यायचे: काय काय पाहून झाले आणि कुठे अडले. "जमत नाही" एवढेच म्हटले, तर समोरच्यालाही मदत कुठून सुरू करावी ते कळत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. काही कार्यालयांत नव्या माणसाला कोणीच काही शिकवत नाही आणि वर अडाणी ठरवतात. तिथे दोष तुमच्या मनाचा नसतो. आणि झोप उडाली, जेवण जाईना, असे आठवडेच्या आठवडे चालले, तर वहीवर भागवू नका, डॉक्टरांना भेटा.

माझ्या त्या पानावर डावीकडची पहिली नोंद आहे, "१,८००, मुनीमकाका." तिच्यासमोर उजवीकडे, पाच आठवड्यांनंतरच्या तारखेसह, "६३०, मी."