ऑक्सिजन असूनही गुदमरलेली पेशी

[दृश्य: सूक्ष्मदर्शकातून दिसणारा गुलाबी-जांभळा काप. हळूहळू जवळ.]

हा किडनीतून काढलेल्या गाठीचा काप. प्रत्येक पेशीची कड पेन्सिलीने आखल्यासारखी स्वच्छ आहे, मध्ये केंद्रकाचा जांभळा ठिपका आहे, आणि बाकीची पेशी चक्क रिकामी दिसते. यावरूनच या कॅन्सरचं नाव पडलं, क्लिअर सेल रीनल कार्सिनोमा. किडनीच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो हाच.

मुळात त्या पेशी रिकाम्या नसतात. त्यांच्यात ग्लायकोजेन आणि चरबी ठासून भरलेली असते. काप तयार करताना तो अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो, तेव्हा हा साठा धुऊन निघतो आणि मागे मोकळी जागा राहते. ऑपरेशननंतर ही गाठ चिरली की ती पिवळीधमक दिसते, तीही या चरबीमुळेच.

गाठीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. ऑक्सिजन पोचतो आहे. तरीही ही पेशी साखर जाळत नाही. अर्धवट फोडते, थोडी साठवते आणि उरलेली लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचंच रूप, करून बाहेर टाकते. असं का?

[दृश्य: बर्लिन-डालेम, १९२० च्या दशकातील प्रयोगशाळेची छायाचित्रं. काचेच्या नळीत वर-खाली होणारा द्रव.]

ही विचित्र सवय पहिल्यांदा नीट मोजली ती ऑटो वारबुर्ग यांनी, बर्लिनमध्ये. उंदराच्या गाठीचे अगदी पातळ काप करायचे, ते बायकार्बोनेट असलेल्या द्रावणात तरंगत ठेवायचे आणि भांडं बंद करायचं. काप लॅक्टिक आम्ल बनवू लागले की द्रावणातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, दाब वाढतो आणि जोडलेल्या नळीतला द्रव सरकतो. किती सरकला ते वाचलं की आम्ल किती झालं ते कळतं.

ऑक्सिजन मिळाला की निरोगी ऊती लॅक्टिक आम्ल बनवणं जवळपास थांबवतात. गाठीचे काप मात्र भरपूर ऑक्सिजनमध्येही ते बनवतच राहिले. हिशेबाने पाहिलं तर हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. एका ग्लुकोज रेणूचं ज्वलन मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, पूर्ण झालं तर ऊर्जा पुरवणारे साधारण ३० एटीपी रेणू मिळतात, नुसतं फोडून सोडून दिलं तर २.

वारबुर्ग यांनी लावलेला अर्थ असा, की कॅन्सरच्या पेशीचं श्वसनच बिघडलेलं असतं आणि कॅन्सरचं मूळ तिथेच आहे. या मतावर ते अखेरपर्यंत ठाम राहिले. मोजमाप बरोबर होतं, अर्थ बहुतेक ठिकाणी चुकला. बऱ्याच कॅन्सर पेशींचे मायटोकाँड्रिया व्यवस्थित काम करतात. आणि जाता जाता, ‘कॅन्सर ऑक्सिजनमध्ये जगत नाही हे शोधल्याबद्दल वारबुर्गना नोबेल मिळालं’ असा जो मेसेज फिरत असतो, तो खोटा आहे. १९३१ चं त्यांचं नोबेल श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी होतं.

मायटोकाँड्रिया धड असतील, ऑक्सिजनही असेल, तर साखर तिथे पोचत का नाही? या प्रश्नाचं उत्तर कॅन्सर शोधायला न निघालेल्या एका प्रयोगशाळेतून आलं.

[दृश्य: ॲनिमेशन. पेशीच्या आत जोडी जमवणारी दोन प्रथिनं, मग डीएनएवर बसणारी जोडी.]

रक्तात ऑक्सिजन कमी झाला की किडनी एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडते आणि अस्थिमज्जा जास्त तांबड्या पेशी बनवू लागते. पण ऑक्सिजन कमी झाल्याचं जनुकाला कसं कळतं? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ग्रेग सेमेन्झा हे शोधत होते. एरिथ्रोपोएटिनच्या जनुकाजवळ, ऑक्सिजन कमी असतानाच येऊन बसणारं एक प्रथिन त्यांना सापडलं. त्याला नाव दिलं हायपॉक्सिया इंड्युसिबल फॅक्टर, म्हणजेच हिफ. १९९५ मध्ये त्याचे दोन घटक, अल्फा आणि बीटा, हाती आले.

बीटा पेशीत नेहमीच हजर असतो. खेळ आहे तो अल्फाचा. पेशी अल्फा सतत बनवत असते आणि ऑक्सिजन असेल तर सतत नष्टही करत असते, इतक्या वेगाने की त्यातला निम्मा पाचेक मिनिटांत संपतो. ऑक्सिजन घटला की पेशीला नवीन काही बनवत बसावं लागत नाही. नष्ट करणं थांबवलं की काम झालं. काही मिनिटांत अल्फा साचतो, बीटाशी जोडी जमवतो आणि केंद्रकात जाऊन शेकडो जनुकं चालू करतो.

हे नष्ट करणं दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात प्रोलाइल हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम अल्फावरच्या प्रोलीन या अमिनो आम्लाला ऑक्सिजनचा एक अणू चिकटवतं. हा अणू थेट ऑक्सिजन वायूच्या रेणूतून येतो. ऑक्सिजन नाही तर खूण नाही, आणि पेशीचं ऑक्सिजन ओळखणं नेमकं इथे घडतं. दुसऱ्या टप्प्यात व्हीएचएल नावाचं प्रथिन ती खूण ओळखतं, अल्फाला पकडतं आणि त्याचे तुकडे करणाऱ्या यंत्रणेकडे पाठवतं.

[दृश्य: कुटुंबवृक्ष. तीन पिढ्या, काही वर्तुळं रंगवलेली.]

व्हीएचएल हे नाव एका आनुवंशिक आजाराचं आहे, व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ. या कुटुंबांत डोळ्याच्या पडद्यावर, लहान मेंदूत आणि किडनीत रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या गाठी होतात. काहींच्या रक्तात तांबड्या पेशी वाजवीपेक्षा जास्त असतात. बॉस्टनमध्ये विल्यम केलिन यांना हे दोन्ही एकत्र पाहून शंका आली. नव्या रक्तवाहिन्या आणि जास्तीच्या तांबड्या पेशी, ही तर ऑक्सिजन कमी पडलेल्या शरीराची लक्षणं. १९९९ मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर रॅटक्लिफ यांच्या गटाने दाखवून दिलं की व्हीएचएल नसेल तर ऑक्सिजन असूनही हिफ नष्ट होत नाही. प्रोलीनवरच्या खुणेचा उलगडा २००१ मध्ये दोन्ही गटांनी केला. २०१९ चं नोबेल सेमेन्झा, केलिन आणि रॅटक्लिफ या तिघांना मिळालं.

आनुवंशिक आजारात व्हीएचएलची एक प्रत जन्मापासूनच खराब असते, किडनीच्या एखाद्या पेशीत दुसरीही जाते. कुटुंबात आजार नसलेल्या रुग्णांमध्येही या प्रकारच्या बहुसंख्य गाठींत दोन्ही प्रती निकामी झालेल्या सापडतात. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरली आहे, पण फ्लोट खालीच अडकल्यामुळे मोटर चालूच, असा हा प्रकार. पेशीत ऑक्सिजन आहे, प्रोलीनवर खूण होते आहे, फक्त ती वाचणारं कुणी नाही.

[दृश्य: ॲनिमेशन. एक ग्लुकोज रेणू पेशीत शिरतो. त्याच्या मागोमाग.]

आता एका ग्लुकोज रेणूच्या मागे जाऊ. हिफमुळे पेशीच्या आवरणावर ग्लुट-१ ही दारं वाढलेली आहेत, त्यामुळे तो झटकन आत येतो. आत हेक्सोकायनेज त्याला फॉस्फेट जोडतं, आता त्याला बाहेर जाता येत नाही. काही पायऱ्यांनंतर त्याचे दोन पायरुवेट होतात. हेक्सोकायनेजही हिफने वाढवलेलं आहे आणि पुढच्या पायऱ्यांची बरीचशी एन्झाइमंही.

खरं वळण पायरुवेटपाशी आहे. एरवी तो मायटोकाँड्रियात जातो आणि तिथलं पायरुवेट डिहायड्रोजनेज त्याला ज्वलनाच्या चक्रात सोडतं. हिफ पीडीके-१ हे एन्झाइम वाढवतं, आणि पीडीके-१ नेमक्या त्याच डिहायड्रोजनेजला फॉस्फेट लावून बंद पाडतं. हे २००६ मध्ये स्पष्ट झालं. वारबुर्गना जे श्वसन बिघडल्यासारखं वाटलं, ते अशा पेशीत प्रत्यक्षात हुकमावरून आवरतं घेतलेलं श्वसन असतं.

मग पायरुवेटचं लॅक्टेट का करायचं? ग्लुकोज फोडताना एनएडी हा वाहक रेणू हायड्रोजनने भरतो, आणि तो रिकामा झाल्याशिवाय पुढचं ग्लुकोज फोडता येत नाही. पायरुवेटचं लॅक्टेट होताना तो रिकामा होतो. म्हणून हिफ लॅक्टेट डिहायड्रोजनेजही वाढवतं आणि लॅक्टेट बाहेर नेणारा एमसीटी-४ हा वाहकही. शिवाय हिफमुळे चरबी मायटोकाँड्रियात नेणाऱ्या एन्झाइमला लगाम बसतो. न जळलेली चरबी थेंबाथेंबाने साचते.

[दृश्य: तपकिरी रंगाने रंगवलेला काप. दोन चित्रं शेजारी शेजारी.]

हिफ चालू आहे हे डॉक्टरांना कसं कळतं? कार्बोनिक अनहायड्रेज-९ हे प्रथिन हिफच्या आज्ञेने पेशीच्या आवरणावर येतं आणि आम्लाचा तोल सांभाळतं. त्याला तपकिरी रंग देता येतो. इतर बऱ्याच गाठींमध्ये हा रंग मेलेल्या भागाच्या आसपास दिसतो, जिथे खरोखरच ऑक्सिजन पोचत नाही. उजवीकडच्या चित्रातल्या किडनीच्या गाठीत मात्र रक्तवाहिनीला चिकटून असलेल्या पेशीचीही कड तपकिरी आहे. ऑक्सिजनची टंचाई आणि टंचाईचा आभास यांतला फरक इथे डोळ्यांनी दिसतो.

२०१८ मध्ये डॅलसच्या संशोधकांनी ऑपरेशनच्या वेळी काही रुग्णांना जड कार्बनचं, म्हणजे माग काढता येणारं, ग्लुकोज शिरेतून दिलं आणि काढलेल्या गाठीत तो कार्बन कुठे गेला ते तपासलं. लॅक्टेटपर्यंत तो पोचला होता, मायटोकाँड्रियातल्या चक्रात फार थोडा. पण त्याच पद्धतीने पाहिलेल्या फुप्फुसाच्या गाठींनी ग्लुकोज बऱ्यापैकी जाळलं होतं. २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. किडनीचाच कॅन्सर दुसरीकडे पसरला की तिथल्या गाठींत मायटोकाँड्रियाचं काम वाढलेलं असतं. त्यामुळे ‘कॅन्सर साखरेवर जगतो’ हे सरसकट वाक्य मला पटत नाही. जेवणातली साखर बंद करून गाठ उपाशी पडेल, ही आशाही फोल आहे. यकृत स्वतः ग्लुकोज बनवून रक्तातली पातळी राखतं.

[दृश्य: गोळ्यांची बाटली. रक्त तपासणीचा कागद.]

औषध साखरेवर आलं नाही, हिफवर आलं. हिफ-अल्फाचे प्रकार आहेत. साखरेची घडी बदलण्यात हिफ-१ चा वाटा मोठा, पण किडनीची ही गाठ वाढवतो मुख्यतः हिफ-२. बेल्झुटिफान हे औषध हिफ-२ अल्फाला बीटाशी जोडीच जमवू देत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत व्हॉन हिप्पेल-लिंडाऊच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. त्याआधीच्या चाचणीत ६१ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांच्या किडनीतल्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. त्याच चाचणीत ९० टक्के रुग्णांना ॲनिमिया झाला, कारण प्रौढ माणसाचं एरिथ्रोपोएटिन हिफ-२ च चालवतो. म्हणून हे औषध सुरू असताना हिमोग्लोबिन वरचेवर तपासतात, ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजनही पाहतात, आणि आकडा फार उतरला तर गोळी थांबवून पुढे कमी मात्रेत सुरू करतात.