पाव टक्का आणि पावणेनऊ हजार रुपये

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम. तिथल्या एका अडत व्यापाऱ्यांनी पाच लाख रुपये गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी रोखे घेणाऱ्या फंडात ठेवले होते. त्यांचा हिशेब सरळ होता: रोखे सरकारचे, पैसे बुडणार कसे?

४ मे २०२२. रिझर्व्ह बँकेनं अचानक रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० केला. त्याच दिवशी दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा बाजारातला परतावा सुमारे पाव टक्क्यानं वर गेला. फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, या बाजारातल्या परताव्यावर हलते, रेपोच्या आकड्यावर थेट नाही.

आता त्यांच्या फंडाची फॅक्टशीट, म्हणजे दर महिन्याचं माहितीपत्रक, उघडू. इथे, ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ समोर लिहिलंय ७. म्हणजे परतावा एक टक्का वाढला, तर फंडाची किंमत अंदाजे सात टक्के उतरते. पाव टक्का वाढला, तर पावणेदोन टक्के. पाच लाखांवर ८,७५० रुपये. सरकारनं एक पैसाही बुडवला नाही, तरी.

हे होतं कशामुळे? शंभर रुपयांचा रोखा घ्या, दहा वर्षांचा, वर्षाला सात रुपये व्याज, दर सहा महिन्यांनी साडेतीन. उद्या बाजारात तसाच नवा रोखा आठ टक्क्यांनी मिळू लागला, तर जुन्याला शंभर कोण देईल? पुढची दहा वर्षं दरसाल रुपया कमी मिळणार, ती सगळी तूट आजच भावातून वजा होते. भाव येतो ९३ रुपये २० पैशांवर. मुदत तीन महिन्यांचीच उरली असती, तर तूट जेमतेम पाव रुपयाची.

या रोख्याचं मॉडिफाइड ड्युरेशन ७.१ आहे, पण भाव पडला ६.८० रुपयांनी. दर तेवढाच उतरला असता, तर भाव ७.४४ रुपयांनी चढला असता. दर थोडा हलला की ड्युरेशनचा अंदाज चपखल बसतो, मोठ्या हालचालीत असा फरक पडतो. आणि कर्जदारच पैसे बुडवेल का, हे या आकड्यातून मुळीच कळत नाही. कंपन्यांचे रोखे घेणाऱ्या फंडात ते वेगळं तपासावं लागतं.

व्यापाऱ्यांची खरी अडचण मुदतीची होती. सातेक वर्षं थांबता आलं असतं, तर वाढलेल्या व्याजानं तूट हळूहळू भरून काढली असती. पण शेतकऱ्यांची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, आठवड्याभरात द्यायची होती. हेच पैसे ०.१ ड्युरेशनच्या लिक्विड फंडात असते, तर आखूड मुदतीचे दर अर्धा टक्का चढले असं धरलं, तरी फटका अडीचशे रुपयांचा.

फॅक्टशीटवर तीन आकडे शेजारी-शेजारी असतात: सरासरी मुदत, मॅकॉले ड्युरेशन, मॉडिफाइड ड्युरेशन. पहिले दोन आकडे वर्षांत मोजतात. फंड किती हलेल, ते तिसरा सांगतो. तो दर महिन्याला पाहावा, कारण डायनॅमिक बाँड फंडात व्यवस्थापक तो दोनवरून आठवरही नेऊ शकतो.