सितैन की तिसैन? मोडी कागद देणाऱ्या ताईंना पत्र

श्रोतेहो, नमस्कार. मी एका सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. एका ताईंनी त्यांच्या माळ्यावरचा जुन्या मोडी कागदांचा रुमाल आमच्या ग्रंथालयाला दिला. त्याचं लिप्यंतर पूर्ण झालं, तेव्हा मी त्यांना एक पत्र लिहिलं. अनेक घरांत असे रुमाल बांधलेले पडून असतात, म्हणून ताईंच्या परवानगीनं ते पत्र आज तुम्हाला वाचून दाखवतो.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या कागदांचं बाळबोधीत लिप्यंतर झालं आहे. सोबत त्याची प्रत पाठवतो. वाचायला बसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. या प्रतीत सगळंच काही मूळ लेखकाचं नाही, थोडं आमचंही आहे. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेघ ओढायचा आणि मग बोरूनं एकामागून एक अक्षरं त्या रेघेला लटकवत जायचा. दोन शब्दांत जागा सोडत नसत, विरामचिन्हं नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, अनुस्वार तर सर्रास गाळत. प्रतीत जिथे शब्द तुटलेले दिसतात तिथे ते आम्ही तोडलेले आहेत. वेलांटी पहिली की दुसरी, तेही आम्हीच ठरवलं. शब्द मात्र एकही बदललेला नाही. जुनी रूपं तशीच ठेवली आहेत. मूळ ओळ जिथे संपते तिथे तिरपी रेघ दिली आहे, म्हणजे मूळ कागद शेजारी ठेवून कुणालाही ताडून पाहता येईल.

कामाची पद्धत अशी होती. प्रत्येक कागद दोन मोडी वाचकांनी स्वतंत्रपणे वाचला. पहिल्याचं वाचन दुसऱ्याला दाखवलं नाही, कारण एकदा कानावर पडलेला शब्द डोळ्यांना तसाच दिसू लागतो. नंतर दोन्ही वाचनं समोरासमोर ठेवली. जिथे ती जुळली नाहीत तिथे तिसऱ्या जाणकारांना मूळ कागद दाखवला. तरीही खात्री पटली नाही, ती अक्षरं चौकटी कंसात घातली. जी अक्षरं गेलीच आहेत, त्यांच्या जागी अंदाजानं तितके ठिपके दिले.

काही अडचणी कागदानंच सोडवल्या. एका हिशेबाच्या यादीत बारा रुपयांपुढे उभ्या रेघा आहेत. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, हे तुम्हाला ठाऊक असेल. कागदाच्या मागच्या बाजूची शाई तिथेच पाझरली आहे, त्यामुळे तिसरी रेघ इकडची की पलीकडची ते कळेना. एका वाचकानं साडेबारा वाचलं, दुसऱ्यानं पावणेतेरा. खाली सव्वासात आणि पाच या रकमा स्वच्छ आहेत आणि बेरीज पंचवीस लिहिलेली आहे. सव्वासात आणि पाच मिळून सव्वाबारा होतात. पंचवीस भरायला वरची रक्कम पावणेतेराच हवी. तिथे आम्ही कंस घातला नाही.

आता तुम्ही दोनदा विचारलेल्या पत्राकडे येतो. तुमच्या घरात सांगत आले की ते पानिपतावर गेलेल्या पूर्वजाचं आहे. पत्राच्या शेवटी ‘छ ३ रबिलावल’ हा चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, स्पष्ट आहे. त्यानंतर अरबी संख्याशब्दांतला शुहूर सन, म्हणजे त्या काळी मराठी कागदांत चालणारं वर्ष, होता. त्यातला ‘मया व अलफ’ म्हणजे अकराशे, हा भाग चांगला वाचता येतो. त्याआधीच्या दशकाच्या शब्दावरून मात्र नेमकी कागदाची घडी गेली आहे आणि पहिली दोन अक्षरं झिजली आहेत. एका वाचकानं ‘सितैन’ वाचलं, म्हणजे साठ. दुसऱ्यानं ‘तिसैन’ वाचलं, म्हणजे नव्वद. स आणि त यांची अदलाबदल झाली की तीस वर्षं इकडची तिकडे होतात. भरीस भर म्हणजे त्याआधीची कड फाटली आहे. तिथे एकं सांगणारा आणखी एखादा शब्द असू शकतो. पानिपताच्या साली तो शब्द ‘इहिदे’, म्हणजे एक, असायला हवा. इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे शुहूर ११६१.

या गुंत्यात आम्हाला पत्राच्या मजकुरानं हात दिला. त्यात ‘परवा भाऊबीज जाहली’ असं आहे. म्हणजे त्या वर्षी रबिलावल महिना कार्तिकात पडलेला असला पाहिजे. चंद्राची तीन तारीख साधारण शुद्ध चतुर्थीला येते आणि त्याच्या दोन दिवस आधी द्वितीया, तेही बरोबर बसतं. मुसलमानी महिने आपल्या महिन्यांपुढे सरकत जातात, त्यांना अधिक मास नाही. त्यामुळे रबिलावलात भाऊबीज येणं लागोपाठ दोन-तीन वर्षं घडतं आणि मग जवळजवळ तीस वर्षं घडत नाही. शुहूर सनात ५९९ मिळवले की तो सन ज्या इसवी सनाच्या मृगात सुरू झाला ते वर्ष मिळतं. ११६० म्हणजे १७५९. त्या वर्षी रबिलावल कार्तिकातच होता आणि पत्राची तारीख २५ ऑक्टोबरच्या आसपास येते. ११६१ मध्ये मात्र, म्हणजे १७६० च्या दिवाळीला, रबिलावल आश्विनातच उलटून गेला होता.

ताई, तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल याची मला जाणीव आहे. पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. त्या मोहिमेतल्या दिवाळीचं हे पत्र असू शकत नाही, फाटक्या कडेवर कुठलाही शब्द असो. शब्द ‘सितैन’ असेल तर हे पत्र त्याच्या आदल्या दिवाळीचं आहे. लिहिणारा पुढच्या वर्षी उत्तरेत गेला की नाही, ते या कागदावरून ठरत नाही.

आणि ‘तिसैन’ असेल तर? नुसतं तिसैन, म्हणजे ११९०, बसत नाही. १७८९ साली रबिलावल मार्गशीर्षात गेला होता. पण फाटक्या कडेवर ‘इहिदे’, ‘इसन्ने’ किंवा ‘सलास’, म्हणजे एक, दोन किंवा तीन, होतं असं धरलं, तर १७९०, १७९१ आणि १७९२ या तिन्ही दिवाळ्या बसतात. तेवढी वाट बंद करता येत नाही. आमचा कल १७५९ कडे आहे, कारण त्याच रुमालात त्याच वळणाचा शके १६८२ चा, म्हणजे १७६०-६१ चा, एक जमाखर्च आहे. पण तीस वर्षांनीही माणसाचं अक्षर फारसं बदलत नाही. म्हणून सूचीत आम्ही ‘१७५९, बहुधा’ असं लिहिलं आहे आणि दुसरं वाचन तळटिपेत दिलं आहे.

एक नाव अखेरपर्यंत लागलं नाही. ‘चिरंजीव’ या शब्दानंतर कसरीनं एक अक्षर खाल्लं आहे, पुढे ‘मा’ आहे आणि मग ‘चे प्रकृतीस आराम नाही’ असं वाक्य आहे. भोक एका अक्षराचं आहे. रमा बसतं, उमाही बसतं. तुमच्या वंशावळीत रमाबाई आहेत हे तुम्ही सांगितलंत. पण वंशावळीतलं नाव कागदात घातलं, तर उद्या कुणीतरी हाच कागद दाखवून वंशावळ खरी ठरवेल. म्हणून तिथे एक ठिपका आणि ‘मा’ एवढंच ठेवलं आहे.

तुमच्या चुलत घरी अजून कागद आहेत असं तुम्ही म्हणाला होता. त्यांत याच वळणाचं, पूर्ण तारखेचं एखादं पत्र मिळालं, तर त्यातला ‘सितैन’ किंवा ‘तिसैन’ या झिजलेल्या शब्दाशेजारी ठेवून पाहता येईल. कागद उलगडू नका, घड्यांवर चिकटपट्टी लावू नका, आहेत तसे रुमालात बांधून आणा. मी वाट पाहतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ग्रंथपाल