कॅपॅसिटर बदलला तरी सेटलिंग टाइम हलत का नाही?

तर आज एकच सर्किट घेऊया. सिरीजमध्ये रेझिस्टर, कॉइल, कॅपॅसिटर, इनपुटला स्टेप द्यायची आणि व्होल्टेज कॅपॅसिटरवर मोजायचं. कुठे मोजताय ते महत्त्वाचं आहे हां, कारण कॉइलवर प्रोब लावलात तर वेव्हफॉर्मच वेगळा दिसणार आणि आजची सूत्रं तिथे चालणार नाहीत.

कॉइल १० मिलिहेन्री, कॅपॅसिटर १ मायक्रोफॅरड, रेझिस्टर ४० ओहम. मुद्दाम असे आकडे घेतलेत, म्हणजे हिशोब तोंडी होतो.

```
ωn = 1/√(LC)      = 10000 rad/s
ζ  = (R/2)·√(C/L) = R/200 = 0.2
```

ओव्हरशूट किती येणार हे फक्त झीटावर ठरतं, नॅचरल फ्रिक्वेन्सीचा त्यात काही संबंध नाही. `Mp = exp(-πζ/√(1-ζ²))` यात ०.२ टाका, ०.५२७ येतं. म्हणजे १ व्होल्टची स्टेप दिली तर कॅपॅसिटर दीड व्होल्टच्याही वर जाऊन मग खाली येतो, आणि हे होतं साधारण ०.३२ मिलिसेकंदाला. सेटलिंग टाइम, २ टक्क्यांच्या पट्ट्यात यायला, `4/(ζωn)`, म्हणजे २ मिलिसेकंद.

आता खरी गंमत. झीटा आणि ωn चा गुणाकार करून बघा, C कटून जातो आणि `R/2L` उरतं! म्हणजे सेटलिंग टाइम झाला `8L/R`, त्यात कॅपॅसिटर नाहीच. रिंगिंग लवकर थांबावं म्हणून कॅपॅसिटर लहान करून बघणारे खूप जण असतात, मीही केलंय. १ मायक्रोफॅरडच्या जागी पाव मायक्रोफॅरड लावला, नॅचरल फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली पण झीटा निम्मा, ०.१. ओव्हरशूट ५३ वरून ७३ टक्क्यांवर गेला आणि सेटलिंग टाइम होता तिथेच, २ मिलिसेकंद. तेवढ्याच वेळात आता दुप्पट हेलकावे बसतात, एवढंच. रिंगिंग संपतं ते एनर्जी रेझिस्टरमध्ये जळून जाते म्हणून, आणि ती किती वेगाने जळणार हे R आणि L मिळून ठरवतात.

हेच सर्किट बेंचवर लावलंत की मात्र स्कोपवर ५३ टक्के काही दिसत नाहीत, जेमतेम साडेपंधरा दिसतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा कॅपॅसिटरच खराब आहे असं समजून तीन बदलले, आता हसू येतं. अशा वेळी उलटा हिशोब करायचा, दिसलेल्या ओव्हरशूटवरून झीटा काढायचा:

```
ζ = -ln(Mp)/√(π² + ln²(Mp))
Mp = 0.155  →  ζ ≈ 0.51
```

झीटा ०.५१ म्हणजे लूपमध्ये एकूण १०२ ओहम आहेत. आपण लावले ४०, मग वरचे ६२ आले कुठून? ५० फंक्शन जनरेटरचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स, आणि १२ कॉइलच्या तारेचा, मल्टिमीटर लावून बघा, मिळेल. आणि Mp काढताना भागायचं ते स्टेपच्या पूर्ण उंचीने, स्क्वेअर वेव्ह उणे १ ते अधिक १ असेल तर २ व्होल्टने. १ ने भागलंत की ओव्हरशूट दुप्पट येतो आणि पुढचं सगळं चुकतं.

स्क्वेअर वेव्हची फ्रिक्वेन्सीपण बघा. सेटलिंगला २ मिलिसेकंद लागत असतील आणि तुम्ही १ किलोहर्ट्झ दिलंत तर अर्धी सायकल अर्ध्या मिलिसेकंदाची, म्हणजे आधीचं रिंगिंग चालू असतानाच पुढची स्टेप येऊन धडकते आणि दिसणारा ओव्हरशूट स्टेपचा राहतच नाही. अशा वेळी १०० हर्ट्झवर या.

मग कोणी विचारतं, `8L/R` आहे ना, R वाढवत राहू की. नाही, हे सूत्र रिंगिंगच्या बाहेरून जाणाऱ्या एन्व्हलपचं आहे, झीटा साधारण ०.७ च्या खाली असेपर्यंतच त्यावर भरवसा ठेवायचा. २०० ओहमला झीटा १ होतो, तिथे सूत्र ०.४ मिलिसेकंद सांगतं आणि खरे लागतात ०.५८. आणि ५०० ओहम लावलेत तर सूत्र म्हणतं ०.१६, प्रत्यक्षात जवळजवळ १.९ मिलिसेकंद! कारण आता हेलकावे नाहीतच, कॅपॅसिटर त्या मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू चार्ज होतोय आणि वेळ साधारण `4RC` च्या आसपास जातो. म्हणजे कॅपॅसिटर लहान करून सेटलिंग लवकर होतं, ते इथे.