तडा आणि ओल एकाच कोपऱ्यात भेटतात तेव्हा

भाड्याचं घर बघायला गेलात की पहिला प्रश्न विचारा : रंग कधी दिला? भाडं, डिपॉझिट हे सगळं त्यानंतर. जुन्या घराला भाडेकरू येण्याआधी रंग दिलेला असतोच. बऱ्याच जणांना वाटतं, आता तडे बुजले, कळणार काय? पण रंगावरूनच जास्त कळतं. तड्याच्या आत डोकावून बघा. कडांवर आतपर्यंत रंग उतरलेला असेल, धूळ साचली असेल, कोळ्याचं जाळं असेल, तर तो तडा रंगापूर्वीचा आहे आणि त्यानंतर फारसा हललेला नाही. उलट रंगाचा पापुद्रा फाटलेला आणि आतल्या विटेच्या कडा ताज्या, स्वच्छ दिसत असतील, तर भिंत रंगानंतर हललेली आहे. दिवाळीत रंग दिला आणि तुम्ही मे महिन्यात बघताय, म्हणजे हालचाल त्या मधल्या सहा-सात महिन्यांतली. तडा हलतोय का हे बघायला त्यावर काचेची पट्टी चिकटवतात, भिंत हलली की ती फुटते. पण भाडेकरूला पावसाळाभर तशी वाट बघायला वेळ नसतो. त्याच्यासाठी रंगाची तारीखच ते काम करते.

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका घराचं सांगतो. तळमजल्यावर मागच्या बाजूच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. घर लोड बेअरिंगचं, म्हणजे कॉलम नाहीत, विटांच्या जाड भिंतींवरच वरचा मजला उभा. घर बघायला आलेल्या जोडप्याने मला बोलावलं. मागच्या खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तडा निघून पायऱ्या-पायऱ्यांनी विटांच्या सांध्यांमधून घराच्या मागच्या कोपऱ्याकडे वर चढत गेला होता. खिडकीपाशी केसाएवढा, वर छताजवळ पाच मिलिमीटरच्या आसपास. मापायला खास साधन लागत नाही. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. कार्ड आत जात नाही तो तडा बारीक समजायचा. पेन्सिलीचं टोक आत शिरतंय तिथे मी थांबून नीट बघतो.

रुंदीपेक्षा तड्याची दिशा जास्त सांगते. भिंतीचा एक कोपरा खाली बसायला लागला की तिरका तडा त्या कोपऱ्याकडे वर चढत जातो आणि बहुधा वरच्या अंगाला जास्त उघडतो. तड्याला काटकोनात, खालच्या बाजूला बोट दाखवा. बोट जिकडे जाईल तिकडचा पाया बघायचा. या घरात बोट गेलं मागच्या कोपऱ्याकडे.

मग बाहेर गेलो. हे लोक सहसा करत नाहीत, आतल्या आत घर बघून टोकन देतात. तोच तडा त्याच जागी बाहेरूनही दिसत होता, म्हणजे तो गिलाव्याचा नव्हता, भिंत आरपार तडकली होती. आणि त्याच कोपऱ्यात गच्चीवरून उतरणारा पावसाचा पाईप खालच्या एल्बोला फुटलेला. वरचं सगळं पाणी जोत्याच्या पायथ्याशी पडत होतं. तिथली फरशी खचून तिचा उतार भिंतीकडे झाला होता.

आतल्या ओलीचा अर्थ आता लागला. खोलीच्या बाकीच्या भिंतींवर ओल नव्हती. या एकाच कोपऱ्यात जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेले आणि पांढरा लोणा लागलेला. पाया भिजला की विटा पाणी वर ओढतात. ते साधारण मीटरभर चढतं आणि वाळताना क्षार मागे ठेवतं. पण तशी ओल जोत्याच्या सगळ्या लांबीभर कमी-जास्त दिसते. एकाच जागी साठलेली दिसली तर पाणी तिथेच कुठूनतरी येतंय. मालक म्हणाले, "ही पुराची ओल आहे." कोल्हापुरात हे उत्तर हमखास मिळतं, आणि कधी खरंही असतं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. नदीकडच्या पेठांतल्या कितीतरी भिंती तेव्हा दिवसचे दिवस पाण्यात होत्या, आणि जाड भिंत वाळायला महिनोन् महिने घेते. पण पुराची खूण ओळखता येते. पाण्याची पातळी सगळीकडे सारखी असते, म्हणून डाग प्रत्येक खोलीत, प्रत्येक भिंतीवर एकाच रेषेत दिसतो. एकाच कोपऱ्यातली ओल पुराच्या नावावर खपवता येत नाही.

मी जोडप्याला सांगितलं, स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाया उघडून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. नुसती ओल असती तर एवढं म्हटलं नसतं, पाईप दुरुस्त करून घ्या म्हटलं असतं. नुसता जुना, रंग उतरलेला तडा असता तरी राहिलं तर चाललं असतं. इथे रंगाचा पापुद्रा फाटलेला, म्हणजे तडा ताजा, शिवाय आरपार, आणि त्याचं बोट जिथे जातं तिथेच पाणी मुरत होतं. मालक शहाणे निघाले, त्यांनीच इंजिनिअर आणला. कोपऱ्याला खड्डा घेतला तेव्हा पायाखाली काळी माती निघाली, हाताने दाबली की बोटं रुतत होती. काळी माती पाण्याने फुगते आणि मऊ पडते, वाळली की आकसते. दर वर्षी हे चक्र चाललं तर वरची भिंत स्थिर राहत नाही. आधी पाईप आणि उतार दुरुस्त, मग तड्यावर नजर ठेवून पायाचं काम, असं ठरलं. ते जोडपं तोवर राजारामपुरीत राहायला गेलं.

घाबरून प्रत्येक रेघेसाठी कुणाला बोलवू नका. गिलाव्यावरचं बारीक जाळं, कॉलम आणि वीटभिंत यांच्या सांध्यातली उभी सरळ भेग, शेवटच्या मजल्यावर स्लॅबच्या अगदी खालची आडवी भेग, ही बहुतेक वेळा आकसण्याची आणि उन्हाने स्लॅब ताणला जाण्याची कामं. पण आरसीसीच्या कॉलमला किंवा बीमला लांबीच्या दिशेने, आतल्या सळईच्या ओळीतच भेग गेली असेल आणि तिच्यातून तांबूस पाणी झिरपलेलं दिसत असेल, तर बाकी काही वाचत बसू नका. आतली सळई गंजते तेव्हा गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. दगडाने हलकं ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर वरचा थर सुटलेला आहे. तिथे इंजिनिअर हवाच.

आणि मालकाकडे इंजिनिअरच्या तपासणीचा दाखला मागायला संकोच करू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं कलम २६५-अ म्हणतं की ३० वर्षं ओलांडलेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यायची. म्हणजे तुम्ही विचारताय तो दाखला त्यांच्याकडे असायलाच हवा. तो नसेल तर तपासणी कोण करून घेणार आणि खर्च कोण देणार, हे अकरा महिन्यांच्या करारावर सही करण्याआधी लिहून घ्या. आणि इंजिनिअरने लेखी द्यावं ते तीनच प्रश्नांवर : हालचाल चालू आहे का, कशामुळे, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या खोलीत माणसांनी राहायचं की नाही.