वर्गणीचं स्मरणपत्र: किती, कधीपर्यंत, कसे

नमस्कार श्रोतेहो.

आर्थिक वर्ष बदललं की कोकणातल्या गावोगावच्या मंडळांचे कार्यवाह वर्गणीची स्मरणपत्रं काढायला बसतात. बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीचं पत्र पुढे घेतात, साल तेवढं बदलतात आणि रवाना करतात. आज आपण असं एक पत्र हातात घेऊन ते नव्याने लिहूया. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीचं हे मंडळ आहे. निम्मे सभासद गावात राहतात आणि निम्मे परळ, डोंबिवली, विरारला. मंडळाचं नाव सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच पत्र तुमच्याही गावात निघत असेल. पत्र असं आहे:

"सस्नेह नमस्कार. आपणांस कळविण्यात येते की, चालू वर्षाची वार्षिक वर्गणी आपणांकडून अद्याप येणे बाकी आहे. तरी सदर रक्कम नेहमीच्या पद्धतीने त्वरित भरून मंडळास सहकार्य करावे, ही नम्र विनंती. यापूर्वी वर्गणी भरली असल्यास या पत्राकडे दुर्लक्ष करावे."

भाषा सभ्य आहे, शुद्धलेखनही ठीक आहे. पण हे पत्र वाचून डोंबिवलीच्या सभासदाला पैसे भरता येतील का? सदर रक्कम म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. त्वरित म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत, तेही नाही. नेहमीची पद्धत खजिनदाराला ठाऊक. ज्याने गेल्या वर्षी प्रथमच सभासदत्व घेतलं, त्याने काय करायचं? त्याला फोन करावा लागणार, आणि फोन करायचा म्हटलं की काम उद्यावर जातं. वर्गणी थकते ती पुष्कळदा अशी थकते. माणसाची द्यायची तयारी असते, पण पत्र वाचून लगेच काय करायचं ते कळत नाही.

आधी रक्कम. या मंडळाची वार्षिक वर्गणी तीनशे रुपये. पण सगळ्यांना 'वर्गणी ३०० रुपये' एवढंच छापून पाठवलं, तर ज्याची गेल्या वर्षाचीही बाकी आहे तो तीनशेच भरणार. मग खजिनदाराने ते जुन्या बाकीत घ्यायचे की चालू वर्षात? त्याने जुन्यात घेतले, तर सभासदाच्या समजुतीप्रमाणे यंदाचं चुकतं झालेलं असतं आणि वहीत मात्र यंदाची बाकी दिसते. पुढची कुरबुर तिथूनच सुरू होते. म्हणून पत्रात दर न लिहिता त्या सभासदाने भरायची एकूण रक्कम लिहावी आणि ती कशी झाली ते एका ओळीत सांगावं: 'आपण भरायची रक्कम ६०० रुपये, २०२५-२६ चे ३०० आणि २०२६-२७ चे ३००.' ही ओळ प्रत्येकासाठी वेगळी भरावी लागते. छापील पत्रात जागा कोरी सोडून पेनने लिहिली तरी चालेल, पण सभासद नोंदवही समोर ठेवूनच लिहावी. आणि घटनेत विलंब शुल्क नसेल तर पत्रातही ते असू नये. कार्यवाहांना राग आला म्हणून पन्नास रुपये दंड लावता येत नाही.

आता तारीख. या मंडळाच्या घटनेत ३१ मे आहे आणि ती विचार करून ठेवलेली आहे, कारण मे महिन्यात चाकरमानी गावी असतात. फक्त कॅलेंडर उघडून पाहायला हवं. ३१ मे २०२६ ला रविवार आहे. यूपीआयने पैसे रविवारीही जातात. एनईएफटीसुद्धा डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू असते. पण बँकेच्या खिडकीवर रोख भरणारा त्या दिवशी बंद दारापुढे उभा राहील. आदल्या दिवशी, ३० मेला, महिन्यातला पाचवा शनिवार आहे. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, पाचव्या शनिवारी उघड्या. म्हणजे पत्रात वारासकट लिहावं की शेवटची तारीख रविवार, ३१ मे. बँकेत जाऊन भरणाऱ्यांनी शनिवार, ३० मेपर्यंत भरावी. चेकचंही तसंच स्पष्ट करावं, म्हणजे चेक खजिनदारांच्या हाती शनिवारपर्यंत पोहोचला की वेळेत आला असं धरणार, की वटल्यावर धरणार. यातलं काय ते कार्यकारिणीने ठरवायचं आणि पत्रात एका वाक्यात सांगायचं.

तारीख चुकली तर काय होतं, तेही सांगायला हवं. फक्त जे खरं आहे तेवढंच. 'अन्यथा सभासदत्व रद्द समजावे' असं पुष्कळ पत्रांत लिहितात. घटनेत तसं नसेल तर ते वाक्य काढून टाकावं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांना कलम १५ लागू आहे. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे, त्याला त्या कायद्याखालच्या कामकाजात मत देता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. आता आपल्या मंडळाचा हिशेब करा. ३१ मेला भरायची वर्गणी राहिली तर तीन महिने ३१ ऑगस्टला पूर्ण होतात. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत आणि या मंडळाची वार्षिक सभा गणपतीतच होते. म्हणजे जो भरणार नाही, तो सभेला येईल, बसेल, चहा घेईल, पण कार्यकारिणीच्या निवडणुकीत त्याला हात वर करता येणार नाही. चाकरमान्यांना हे पत्रातून एप्रिलमध्येच कळलं पाहिजे. सभेत ऐन वेळी सांगितलं तर अपमान वाटतो, आणि वाटणारच.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र पैसे भरण्याच्या पद्धतीत असतो, म्हणून तिथे जरा थांबूया. पूर्वी वाडीतला माणूस पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरायचा. पैसे कोणी दिले ते त्याला समोर दिसायचं. आता खात्यात तीनशे रुपये येतात आणि पाठवणारा म्हणून दिसतं परब. वाडीत निम्मी घरं परबांची! त्यातून गावातल्या आईची वर्गणी मुलगा विरारहून स्वतःच्या मोबाइलवरून भरतो. नाव मुलाचं येतं आणि मुलगा तर सभासदच नाही. खजिनदार ती रक्कम 'अनोळखी जमा' म्हणून बाजूला ठेवतात आणि आईला पुन्हा स्मरणपत्र जातं. ती म्हणते, "झिलान तर कधीच धाडल्यान!" आणि तिचं खरं असतं.

यावर उपाय सभासद क्रमांक. तो पत्राच्या माथ्यावर, नावाशेजारी, ठळक लिहावा. यूपीआयने भरताना शेरा लिहायची जागा असते, तिथे हा क्रमांक आणि सभासदाचं नाव घालायला सांगावं. ते राहिलंच, तर व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक खजिनदारांना कळवावा. बँकेच्या उताऱ्यात तोच क्रमांक येतो, त्यामुळे जमा लगेच सापडते. स्क्रीनशॉट पाठवला तरी हरकत नाही, पण त्यात हा क्रमांक दिसला पाहिजे.

बँकेतून थेट वळते करणाऱ्यांसाठी खात्याचं नाव पासबुकावर आहे तसंच अक्षरशः द्यावं, मग खाते क्रमांक आणि आयएफएससी. हा कोड अकरा चिन्हांचा असतो आणि त्यातलं पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं. लोक तिथे इंग्रजी ओ टाइप करतात आणि मग 'कोड चुकीचा' म्हणून व्यवहार अडतो. पत्रात कंसात 'पाचवं शून्य' एवढं लिहिलं तरी काम होतं. शिवाय बँका विलीन झाल्या की हे कोड बदलू शकतात. आपल्याकडची विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली. ज्या मंडळांची खाती तिथे होती, त्यांनी जुन्या पत्रातला कोड तसाच न उतरवता शाखेत विचारून घ्यावा.

क्यूआर कोड छापणार असाल तर तो मंडळाच्या खात्याचाच हवा. खजिनदारांच्या स्वतःच्या खात्याचा कोड सोयीचा वाटतो, पण मग मंडळाचे पैसे त्यांच्या घरखर्चाच्या पैशांत मिसळतात. हिशेब तपासनीस विचारतो तेव्हा प्रामाणिक माणूसही अडचणीत येतो. पत्रात एक ओळ घालावी: 'रक्कम पाठवण्याआधी पडद्यावर मंडळाचं नाव दिसतं का ते पाहा; दुसरं नाव दिसलं तर पैसे पाठवू नका, फोन करा.' पत्राची नक्कल करून कोणी भलताच कोड फिरवला तर सभासदाला ते या ओळीमुळे कळेल.

चेक मंडळाच्या पूर्ण नावाने, रेखांकित करून. मागे सभासद क्रमांक. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, तेव्हा खजिनदारांनी तो खणात ठेवू नये. रोख रक्कम कोण घेणार, कुठे आणि कधी, ते नेमकं हवं: 'दर रविवारी सकाळी १० ते १२, देवळाच्या सभामंडपात, खजिनदार.' छापील पावती त्याच वेळी. पावती नाही तर पैसे द्यायचे नाहीत, हे मंडळानेच लिहून दिलं की वाडीतली आजीसुद्धा न संकोचता पावती मागते.

आणि आता त्या शेवटच्या वाक्याकडे वळतो: 'भरली असल्यास दुर्लक्ष करावे.' हे वाक्य काढाच, माझा आग्रह आहे. ज्याने भरली आणि तरी ज्याला पत्र आलं, त्याचीच नोंद कुठेतरी चुकलेली असण्याचा संभव असतो. त्यालाच आपण गप्प बसायला सांगतो. त्याने दुर्लक्ष केलं तर ती अनोळखी जमा तशीच पडून राहते आणि सप्टेंबरच्या सभेत मतदार यादीत त्याचं नाव नसतं. त्याऐवजी असं लिहा: 'भरली असेल तर पावती क्रमांक किंवा व्यवहार क्रमांक कळवा, नोंद दुरुस्त करतो.'

आता नवं पत्र सलग वाचतो.

"सस्नेह नमस्कार. सभासद क्रमांक ४७. आपण भरायची रक्कम ६०० रुपये (२०२५-२६ चे ३०० आणि २०२६-२७ चे ३००). शेवटची तारीख रविवार, ३१ मे २०२६. बँकेत जाऊन किंवा चेकने भरणाऱ्यांसाठी शनिवार, ३० मे. यूपीआय, बँक खाते, चेक किंवा रोख, यांपैकी कसेही भरा. तपशील पाठीमागे आहे. कसेही भरले तरी सभासद क्रमांक लिहा. ३१ ऑगस्टनंतरही वर्गणी बाकी राहिल्यास गणपतीतील वार्षिक सभेत मतदान करता येणार नाही. आधी भरली असल्यास पावती किंवा व्यवहार क्रमांक कळवा, नोंद दुरुस्त करतो. कार्यवाह, दूरध्वनी क्रमांक."

व्हॉट्सअॅपवर पाठवताना तपशील पाठीमागे नसतो, तेव्हा तो खालीच जोडावा आणि खाते क्रमांक वेगळ्या संदेशात टाकावा, म्हणजे बोट दाबून उचलता येतो. दुसरं स्मरणपत्र साधारण २० मेला, ज्यांचे आले नाहीत त्यांनाच, एकेकट्याला पाठवावं. थकबाकीदारांची यादी गटावर टाकू नये. त्या यादीत एखादं नाव असं निघतं की ज्याचे पैसे झिलाने एप्रिलमध्येच धाडलेले असतात.

नमस्कार.