निम्मा वेग, पाऊण वेग: आलेखावरून व्हीमॅक्स आणि केएम

[दृश्य: परभणीतल्या एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा. ओल्या फडक्यात मोड आलेले मूग.]

निवेदन:
रात्रभर भिजवलेले आणि दोन दिवस मोड काढलेले हे मूग. मोड फुटताना दाण्यातला फॉस्फेटचा साठा मोकळा करायला आम्लधर्मी फॉस्फटेज नावाचं एन्झाइम कामाला लागतं. दहा ग्रॅम मूग वीस मिलीलिटर थंडगार सायट्रेट बफरमध्ये वाटायचे, पीएच ५ ठेवायचा, मलमलीच्या फडक्यातून गाळायचं आणि सेंट्रिफ्यूजमधून फिरवून वरचं निवळ घ्यायचं. हा अर्क बर्फावर ठेवायचा. त्यापासून आज एक आलेख काढायचाय आणि त्या आलेखावरून दोनच आकडे वाचायचेत: एन्झाइमचा कमाल वेग, म्हणजे व्हीमॅक्स, आणि त्याच्या निम्म्या वेगाला लागणारं सब्स्ट्रेटचं प्रमाण, म्हणजे केएम.

बफरसाठी पाणी डिस्टिल्डच हवं. मराठवाड्यात बोअरच्या पाण्याचा भरवसा नाही. किनवटकडच्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, आणि फ्लोराइड नेमकं याच एन्झाइमला अडवतं.

[दृश्य: रांगेत लावलेल्या परीक्षानळ्या. पिपेटमधून पडणारा थेंब.]

निवेदन:
सब्स्ट्रेट आहे पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट. स्वतः जवळजवळ रंगहीन. एन्झाइमनं त्यातला फॉस्फेट तोडला की पॅरा-नायट्रोफिनॉल उरतो, आणि सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की तो पिवळाधमक दिसतो. हायड्रॉक्साइड इथं दोन कामं करतं: एन्झाइम थांबवतं आणि रंगही आणतं.

प्रत्येक नळीत एकूण एक मिलीलिटर मिश्रण. त्यातला ०.१ मिलीलिटर अर्क, बाकी बफर आणि सब्स्ट्रेट. सब्स्ट्रेटचं मूळ द्रावण १० मिलीमोलरचं, म्हणून ०.०८ मिलीलिटर घेतलं तर नळीत ०.८ मिलीमोलर होतं. आलेखावर हाच शेवटचा आकडा मांडायचा, अर्क पडल्यानंतरचा. दोन मिनिटं झाली की ०.२ मोलर हायड्रॉक्साइड दोन मिलीलिटर घालायचं आणि ४०५ नॅनोमीटरला शोषण मोजायचं.

३.२ मिलीमोलरच्या नळीचं शोषण आलं ०.४३. एक मिलीमोलर पॅरा-नायट्रोफिनॉलचं शोषण, एक सेंटिमीटर जाडीच्या क्युव्हेटमध्ये, साधारण १८. म्हणजे नळीत ०.०२४ मिलीमोलर. तीन मिलीलिटरमध्ये ते झाले ७२ नॅनोमोल, आणि दोन मिनिटांनी भागले की ३६ नॅनोमोल प्रति मिनिट. फिल्टरचा साधा कलरीमीटर असेल तर मात्र हा १८ चा आकडा धरू नका. फिल्टरमधून रुंद पट्ट्याचा प्रकाश येतो, त्यामुळे पॅरा-नायट्रोफिनॉलचं स्टँडर्ड घेऊन स्वतःची रेघ काढावी लागते.

[दृश्य: आलेखाचा कागद. बिंदू एकेक करून उमटतात.]

निवेदन:
पडद्यावरचे आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतलेत. प्रत्यक्षात बिंदू थोडे वरखाली पडतातच.

०.२ मिलीमोलरला वेग ९. ०.४ ला १५. ०.८ ला २२.५. १.६ ला ३०. आणि ३.२ ला ३६.

सुरुवातीला वक्र उभा चढतो, मग वाकतो. शेवटच्या टप्प्यात सब्स्ट्रेट दुप्पट केलं तरी वेग फक्त सहानं वाढला. इथं वर्गात हमखास एक संवाद होतो.

विद्यार्थिनी: मॅडम, इथं सपाट झालंय ना? मग व्हीमॅक्स ३६ च धरू का?

शिक्षिका: धर की. पण धरल्यावर तपासायचं. निम्मा वेग कुठं येतो ते वाच आधी.

निवेदन:
३६ चं निम्मं १८. त्या उंचीवरून आडवी पट्टी वक्रापर्यंत न्यायची आणि तिथून खाली उतरायचं. खालच्या अक्षावर आकडा येतो ०.५३. झाला केएम? बहुतेक जर्नलमध्ये इथंच लाल शाईची टिकमार्क पडते, आणि उत्तर चुकलेलं असतं.

[पडद्यावर:]

```
v = Vmax × [S] / (Km + [S])
```

निवेदन:
हे समीकरण मायकेलिस आणि मेंटन यांच्या नावानं ओळखलं जातं. १९१३ मध्ये त्यांनी साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेजवर काम करताना ते पक्कं केलं. त्यात सब्स्ट्रेटच्या जागी केएम घातला की वेग निम्मा येतो, ते सगळ्यांना पाठ असतं. आता सब्स्ट्रेटच्या जागी केएमची तिप्पट घाला. वर तीन, खाली एक अधिक तीन. वेग येतो पाऊण. म्हणजे पाऊण वेगाची जागा निम्म्या वेगाच्या जागेपासून नेमकी तिप्पट अंतरावर असायला हवी. व्हीमॅक्स बरोबर धरला असेल, तरच हे जमतं.

शिक्षिका: छत्तीसचं पाऊण किती?

विद्यार्थिनी: सत्तावीस. खाली येतं... एक पूर्णांक दोन.

निवेदन:
०.५३ ची तिप्पट १.६ होते. वक्र मात्र १.२ लाच पाऊण वेगाला पोचला, म्हणजे सव्वादोन पटीतच. धरलेलं छत बुटकं असलं की वक्र पाऊणला लवकर पोचतो. ३६ हे छत नव्हे, ती फक्त मोजलेल्या शेवटच्या नळीची उंची होती.

[दृश्य: नवी नळी. लेबलवर ६.४.]

निवेदन:
म्हणून आणखी एक नळी, ६.४ मिलीमोलरची. वेग ४०. आता ४० धरून पाहू. निम्मं २०, ते ०.६४ ला. पाऊण ३०, ते १.६ ला. अडीच पट. अजून कमीच. उलट बाजूनं ५० धरू. निम्मं २५, ते बरोबर १ ला; पाऊण ३७.५, ते ४ ला. चौपट झालं, म्हणजे छत जास्त उंच धरलं. मधला ४५ घेतला तर निम्मं २२.५ येतं ०.८ ला, पाऊण ३३.७५ येतं २.४ ला. तिप्पट.

व्हीमॅक्स ४५ नॅनोमोल प्रति मिनिट, केएम ०.८ मिलीमोलर. पहिल्या वाचनात केएम एक तृतीयांशानं कमी आला होता, आणि आलेख तर अगदी देखणा दिसत होता.

यात एक अट आहे. वक्र खऱ्या व्हीमॅक्सच्या पाऊणच्या पुढं गेलेला असायला हवा, म्हणजे सब्स्ट्रेट निदान केएमच्या पाच पटींपर्यंत न्यावं. तिप्पटीच्या आतच बिंदू संपले तर ही तपासणी करताच येत नाही. पण छताला टेकेपर्यंत जाऊ, असंही मनात आणू नये. केएमच्या दहा पटीला वेग ९१ टक्के असतो आणि ९९ टक्क्यांसाठी केएमच्या ९९ पट सब्स्ट्रेट लागतं. वक्र छताच्या जवळ जात राहतो, टेकत कधीच नाही. म्हणून शेवटच्या बिंदूनंतर पेन्सिल हातानंच आडवी वळवायची सवय सोडावी. एक्सेलची गुळगुळीत रेघही टाळावी. ती प्रत्येक बिंदूतून जाण्याच्या नादात मधेच उंचवटे काढते.

[दृश्य: स्टॉपवॉच. पाच मिनिटांवर काटा.]

निवेदन:
आता वक्राच्या पायथ्याकडे. दोन मिनिटांऐवजी पाच मिनिटं ठेवली तर रंग गडद येतो, वाचायला बरं, म्हणून अनेक जण तसंच करतात. ०.२ मिलीमोलरच्या नळीत सब्स्ट्रेट मुळात किती? एका मिलीलिटरमध्ये २०० नॅनोमोल. मिनिटाला नऊ खर्च होतात. दोन मिनिटांत १८, म्हणजे नऊ टक्के, चालतं. पाच मिनिटांत मात्र एक पंचमांश माल संपलेला असतो. शेवटच्या मिनिटाला एन्झाइमसमोर ०.२ नाही, ०.१६ च्या आसपास उरलेलं असतं, आणि सरासरी वेग ९ ऐवजी ८.२ निघतो. सुटलेला फॉस्फेटही एन्झाइमला थोडा अडवतो, त्यानं तो आणखी घसरतो. वरच्या बिंदूंना हा फटका जवळजवळ बसत नाही. पायथा खाली दबतो, निम्म्या वेगाची जागा उजवीकडे सरकते आणि केएम मोठा दिसतो. रंग हवा असेल तर वेळ वाढवू नका. जास्त जाडीचा क्युव्हेट घ्या किंवा हायड्रॉक्साइडचं आकारमान कमी ठेवा.

वरच्या टोकाला दुसरी गडबड असते, आणि ती ओळखू येते. वक्र वाकतो, पण मग सपाट होण्याऐवजी तिरक्या सरळ रेघेत चढतच राहतो. सब्स्ट्रेटची बाटली जुनी असली की त्यात आधीच थोडा पिवळा पॅरा-नायट्रोफिनॉल सुटलेला असतो. जितकं सब्स्ट्रेट जास्त, तितका हा उसना पिवळेपणा जास्त. एकच ब्लँक सगळ्यांना लावला की ही शेपटी राहते. प्रत्येक प्रमाणाचा वेगळा ब्लँक हवा: त्यात आधी हायड्रॉक्साइड, मग अर्क.

[दृश्य: वॉटर बाथ, बाहेर मे महिन्याचं ऊन.]

निवेदन:
परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो. ३७ अंशावर लावलेला साधा वॉटर बाथ पाणी तापवू शकतो, थंड करू शकत नाही. दुपारी खोलीच ३९ ला गेली की बाथही तिथंच. अर्ध्या नळ्या सकाळी आणि अर्ध्या दुपारी केल्या तर दोन वेगळ्या वक्रांचे बिंदू एकाच कागदावर येतात, आणि त्यातून काढलेली रेघ कुठल्याच तापमानाची नसते. सगळ्या नळ्या एकाच बैठकीत करायच्या, थर्मामीटर बाथमध्येच ठेवायचा आणि पारा चढला की बर्फाचे खडे टाकायचे.

[दृश्य: अर्काची नळी, शेजारी निम्मा पातळ केलेला अर्क.]

निवेदन:
शेवटची फेरी. अर्क बफरनं निम्मा पातळ करायचा, बाकी सगळं तेच, फक्त वेळ चार मिनिटं, कारण आता वेग निम्मा आहे. नवा वक्र जुन्याच्या निम्म्या उंचीचा येतो. छत २२.५ वर बसतं. निम्मा वेग ११.२५, आणि तिथून खाली उतरलं की पुन्हा ०.८. एन्झाइम कमी केलं म्हणून केएम हलत नाही. हलला, तर आधी वेळ आणि ब्लँक तपासायचे.

विद्यार्थिनी: मग जर्नलमध्ये व्हीमॅक्स कोणता लिहू, मॅडम? पंचेचाळीस की साडेबावीस?

शिक्षिका: दोन्ही लिही. पण शेजारी अर्क किती आणि कसला, ते लिही. नुसत्या ४५ ला काही अर्थ नाही. केएमपुढं पीएच ५ आणि ३७ अंश लिही. आणि ०.८ च लिही गं. कॅल्क्युलेटरवर ०.८१२७ दिसतंय म्हणून तेवढं उतरवू नकोस, पट्टीनं वाचलंयस तू.